सोंडेचा छेद

लखनौमध्ये चढ हवा असेल तर माणसाने बांधलेलाच शोधावा लागतो. गाव ताटासारखं सपाट. म्हणून बाबुराव रोज सकाळी विकास नगरातून ई-रिक्शाने रेल्वेच्या ओव्हरब्रिजपाशी जात, पुलाच्या चढावर एक फेरी मारत आणि घरी येऊन बूट काढता काढता सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आज एकदाही थांबलो नाही."

नेत्रा स्वयंपाकघरातून "अच्छा" म्हणे आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून त्यांच्या श्वासाकडे कान लावून उभी राही. शब्दांवर तिचा फारसा विश्वास नव्हता. श्वास खोटं बोलत नाही.

तिला सगळीकडेच लक्ष ठेवायची सवय लागली होती. अनन्या चालायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक टेबलाचा कोपरा, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर, बाथरूमच्या दाराची कडी, सगळं तिने मापून ठेवलं होतं. विश्वजित तिला म्हणायचा, "तू आई नाहीस, सेफ्टी इन्स्पेक्टर आहेस." तो उत्तराखंडात एका जलविद्युत प्रकल्पावर इंजिनिअर होता. बदली होऊन गेला तेव्हा बायको, मुलगी आणि वडील मागे लखनौला राहिले, क्वार्टर मिळेपर्यंत. आता क्वार्टर मिळायची वेळ आली होती. सोमवारी सकाळी त्याला ऑफिसात हो किंवा नाही कळवायचं होतं, कारण मागे दोन जण रांगेत होते.

क्वार्टर डोंगराच्या सोंडेवर होतं. गाडी खाली नदीच्या पुलापर्यंत यायची. पुढे पायवाट.

नेत्रा आणि अनन्या जाणार यात प्रश्न नव्हता. प्रश्न बाबुरावांचा होता. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. डॉक्टरांनी निरोप देताना स्पष्ट सांगितलं होतं: "सपाटीवर, हलक्या चढावर हवं तितकं चाला, काकाजी. पण दम कोंडेल असा खडा चढ नको. एकदाही नको." म्हणजे वाट हलकी असेल तर बाबुराव मुलासोबत राहणार. खडी असेल तर नाशिकला मुलीकडे, प्रतिमाकडे, जाणार. प्रतिमा प्रेमाने बोलवत होती, जावईही भला होता. पण बाबुराव भुसावळचे, जुन्या वळणाचे. "मुलीच्या घरी पाहुणा म्हणून जावं," ते म्हणत, "मुक्कामाला जाऊ नये."

विश्वजितला विचारलं तर तो म्हणाला, "आमचं ऑफिस आणि मेस त्याच सोंडेवर वर आहे. मी रोज चढतो. काही नाही त्यात."

"तू चढतोस," नेत्रा म्हणाली. "तुझ्या हृदयात जाळ्या नाहीत."

"मग बाबांनाच विचार ना. आयुष्यभर सर्व्हे केलाय त्यांनी."

हे खरं होतं. बाबुराव रेल्वेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले होते. नव्या मार्गांची आखणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि नकाशा म्हटला की त्यांच्या अंगात वारं यायचं. त्यांनी लगेच त्या भागाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि हजरतगंजच्या एका दुकानात छापायला गेले. नेत्राही सोबत गेली, अनन्याला कडेवर घेऊन.

"अंकल, फिट टू पेज कर दूँ?" दुकानातल्या माणसाने विचारलं.

"खबरदार," बाबुराव म्हणाले. "नकाशा है, शादी का कार्ड नहीं." मग नेत्राकडे वळून मराठीत, "याने कागदाला बसवायला ताणलं किंवा दाबलं की सगळी मापं मातीत. वर पन्नास हजाराला एक छापलेलं राहील आणि कागद भलतंच बोलेल."

छापून झाल्यावर त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि नकाशाच्या खालच्या कडेची मापपट्टी मोजली. एक किलोमीटरला बरोबर दोन सेंटीमीटर. मान डोलावली. दुकानदाराने नेत्राकडे पाहून भुवया उंचावल्या. तिने हसू दाबलं. इतका काटेकोर माणूस असल्यावर आपण निर्धास्त असायला हरकत नाही, असं तिला वाटलं. पण निर्धास्त होणं तिला जमत नसे.

शनिवारी दुपारी बाबुराव जेवणाच्या टेबलावर बसले. विश्वजितने क्वार्टरचे अक्षांश-रेखांश पाठवले होते. ते नकाशावर बारीक टिंबाने मांडले. पुलापाशी दुसरं टिंब. दोन्ही टिंबं जोडली तर ती रेघ सोंडेच्या कण्यावरून वर गेलेल्या तुटक रेषेवर, म्हणजे पायवाटेवर, जवळजवळ तंतोतंत बसली. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा त्या सोंडेला एकामागून एक वळसे घालून गेल्या होत्या, घोड्याच्या नालासारखे. प्रत्येक रेषा वीस मीटर उंचीच्या फरकाची, आणि दर पाचवी जाड.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलाला कागद दाखवला. आलेख कागदावर त्या वाटेचा उभा छेद होता, एक अगदी चपटी, लांबट आकृती. कुणी पापडाचा तुकडा उभा धरावा तशी.

"हा तुझा डोंगर," बाबुराव म्हणाले. "पूल बाराशे चाळीसवर. घर चौदाशे ऐंशीवर. चढ दोनशे चाळीस मीटर. आडवं अंतर नकाशावर एकोणतीस मिलिमीटर, म्हणजे साडेचौदाशे मीटर. वन इन सिक्स. सहा मीटर पुढे गेलो की एक मीटर वर. आणि छेद मी उभा-आडवा एकाच स्केलने काढलाय. कुठे फुगवलेला नाही. हे खरं चित्र."

विश्वजितने कागदाकडे पाहिलं. "अरे, हे तर काहीच नाही."

"तेच म्हणतोय मी."

"नेत्रा, ऐकलंस? बाबा येताहेत."

नेत्रा अनन्याच्या तोंडात वरणभाताचा घास देत होती. ती "हो" म्हणाली. तिचं लक्ष कागदावर होतं. चित्र खरं होतं यात शंका नव्हती. पण पुण्यात भूगोलात एम.ए. करताना आणि पुढे एक वर्ष कॉलेजात प्रात्यक्षिकं घेताना तिने किती छेद काढले आणि तपासले होते. दोनशे चाळीस मीटरचा डोंगर पाच मिलिमीटर उंचीत मावला, तर त्यात कुठे काय वळतं ते डोळ्याला दिसतच नाही. वर्गातल्या मुलींनी असा छेद काढून आणला असता तर तिने तांबड्या शाईने लिहिलं असतं, 'उभं प्रमाण वाढवा.'

आणि एक गोष्ट तिला खटकली. बाबांनी सुरुवात सांगितली, शेवट सांगितला. मधलं काहीच सांगितलं नाही.

रविवारी बाबुराव जेवून पडले, अनन्या झोपली, आणि नेत्राने नकाशा काढला. कागदाची एक सरळ कापलेली पट्टी तिने पूल आणि घर जोडणाऱ्या रेघेवर ठेवली. जिथे जिथे समोच्च रेषा पट्टीच्या कडेला छेदत होती, तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली आणि शेजारी उंची लिहिली. बाराशे चाळीस. बाराशे साठ. बाराशे ऐंशी. या खुणा ऐसपैस होत्या. मग खुणा एकदम दाटल्या. तेराशेची जाड रेषा आली, आणि मग चौदाशेच्या जाड रेषेपर्यंत दोन खुणांमध्ये पेन्सिलीचं टोक जेमतेम मावावं एवढीच जागा. चौदाशेनंतर खुणा पुन्हा विरळ झाल्या, दोन खुणांमध्ये चार-चार मिलिमीटर मोकळे, थेट चौदाशे ऐंशीपर्यंत.

आलेख कागदाच्या तळरेषेवर पट्टी टेकवून तिने खुणा उतरवल्या, प्रत्येक खुणेवरून तिच्या उंचीपर्यंत उभी रेघ नेली, आणि टोकं एका सलग रेषेने जोडली. उंचीसाठी तिने शंभर मीटरला एक सेंटीमीटर घेतला होता. कॉलेजात तेच घ्यायची सवय होती.

आकृती तिने हातभर लांब धरून पाहिली. पुलापासून थोडी सपाटी, मग भिंतच, मग वर पुन्हा सपाटी. भिंत जवळजवळ सरळ उभी.

आपण उभं प्रमाण आडव्याच्या पाचपट घेतलं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कागदावर कड्यासारखी दिसणारी जागा जमिनीवर तशी नसते. तरी तिने कागदाचा फोटो काढून विश्वजितला पाठवला, आणि प्रमाणाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

त्याचा फोन लगेच आला. "हे काय आहे? कडा आहे की काय?"

"तूच रोज चढतोस ना?"

"चढतो, पण… एवढं नाहीये गं ते. मधे जरा दम लागतो, खरंय."

"जरा?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "म्हणजे मीसुद्धा तिथे एकदा थांबतो. बाबांना सांगू नकोस."

"सांगायचं कशाला," मागून बाबुरावांचा आवाज आला. ते दारात उभे होते, चष्मा शोधत. "स्पीकरवर आहे ना फोन."

नेत्राने फोन टेबलावर ठेवला. बाबुराव येऊन खुर्चीवर बसले, चष्मा लावला, कागद जवळ ओढला. पट्टीने आकृतीची उंची मोजली, लांबी मोजली, आणि सुनेकडे पाहिलं.

"पाचपट फुगवलंस."

"हो."

"आणि लिहिलं नाहीस."

"नाही लिहिलं."

"ऑफिसात असं ड्रॉइंग कुणी टेबलावर ठेवलं असतं तर मी परत फेकलं असतं. या चित्रात मला म्हातारा कड्यावर लटकलेला दिसतो. तुला मला पाठवायचं नाही, तर तसं सांग. डोंगराला कशाला बदनाम करतेस?"

"मी फुगवला तर तुम्ही चेपलात, बाबा."

"मी चेपला नाही. एकाच स्केलने काढला. त्याच्याइतकं प्रामाणिक चित्र नसतं."

"चित्र प्रामाणिक आहे. पण पाच मिलिमीटरमध्ये काय दिसणार? तुम्हाला माहीत होतं तिथे काही दिसणार नाही."

फोनमधून विश्वजित म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच डोंगराबद्दल बोलताय ना?"

"तू गप रे," दोघंही म्हणाले.

नेत्राने दोन्ही कागद बाजूला सारले. "चित्रं राहू द्या. आकडे घेऊ. स्केल कुठलंही घ्या, आकडा बदलत नाही." तिने खुणांची पट्टी पुढे ठेवली. "पूल ते बाराशे ऐंशी. नकाशावर सात मिलिमीटर. म्हणजे साडेतीनशे मीटरला चाळीस मीटर चढ."

"वन इन नाइन, समज," बाबुराव म्हणाले. तोंडी हिशेबाची त्यांना सवयच होती.

"बाराशे ऐंशी ते चौदाशे. सहा मिलिमीटर. तीनशे मीटरला एकशेवीस."

बाबुरावांनी पट्टी स्वतःकडे वळवली.

"अडीचला एक," नेत्रा म्हणाली. "आणि चौदाशे ते घर. सोळा मिलिमीटर, आठशे मीटरला ऐंशी. दहाला एक. वरचं तर तुम्ही गाणी म्हणत जाल."

"सगळं मिळून सहालाच एक येतं," बाबुराव म्हणाले. "मी खोटं बोललो नाही."

"बाबा, तुमच्या ओव्हरब्रिजचा चढ किती?"

"तीसला एक असेल."

"आणि तो चढून आलात की दारातल्या स्टुलावर बसता."

"बूट काढायला बसतो."

तेवढं तिने सोडून दिलं. वाद घालायला तिच्याकडे त्यापेक्षा मोठं हत्यार होतं, आणि ते वापरावं की नाही याचा ती विचार करत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने रेल्वेच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की काही पाठच झाल्या होत्या.

"एक विचारू? तुम्ही एखाद्या घाटाची आखणी केलीत. शंभर किलोमीटरचा मार्ग, त्यात एकच तुकडा खडा. इंजिनाला किती डबे झेपतील हे कशावरून ठरवायचात? सरासरी चढावरून?"

बाबुरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. पुसत बसले.

"बाबा?" फोनमधून विश्वजित म्हणाला.

"रूलिंग ग्रेडियंटवरून," बाबुराव अखेर म्हणाले. "सेक्शनमधला सगळ्यात खडा तुकडा असतो तो. बाकी नव्व्याण्णव किलोमीटर सपाट असले तरी गाडी तिथेच अडते. सरासरी काढणाऱ्याला आमच्याकडे चहा आणायला पाठवायचे." त्यांनी चष्मा लावला. "मला काल दिसलं होतं ते. तेराशेपाशी रेषा चिकटल्यात हे दिसायला काही खुणेची पट्टी लागत नाही."

अनन्या आत झोपेतच कुरकुरली आणि पुन्हा शांत झाली.

एकशेवीस मीटर म्हणजे चाळीस मजल्यांचा जिना. हे नेत्राच्या जिभेवर आलं होतं, पण तिने गिळलं. माणूस कबूल झाल्यावर त्याला मारायचं नसतं.

बाबुरावांना मात्र हार मानून बसून राहता येईना. त्यांनी आतून कंपासपेटी आणली, त्यांच्या नोकरीच्या काळातली. "चढ खडा असला तर रेल्वे काय करते? लांबी वाढवते. सरळ वर न जाता वळसा घेते." त्यांनी मनात हिशेब केला. "आठला एक हवा. दोन रेषांमधली उंची वीस मीटर, म्हणजे पुढे एकशेसाठ मीटर चालायला हवं. नकाशावर तीन मिलिमीटर आणि थोडं." दुभाजकाची, म्हणजे डिव्हायडरची, दोन टोकं त्यांनी तेवढी उघडली. एक टोक बाराशे ऐंशीच्या रेषेवर ठेवलं, दुसरं फिरवून तेराशेच्या रेषेवर जिथे टेकलं तिथे खूण. मग त्या खुणेवरून तेराशे वीसवर. दुभाजक बगळ्यासारखा एकेका रेषेवर पाऊल टाकत तिरका निघाला, सोंडेच्या बगलेला वळला आणि तसाच वर गेला. चौदाशेवर पोचला तेव्हा सोंडेच्या अंगावर एक सुरेख तिरकी वाट उमटली होती.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता. "कुठेही आठपेक्षा खडी नाही."

नेत्राने पाहिलं. वाट खरंच सुरेख होती. "पण इथे नकाशावर तुटक रेषा नाहीये, बाबा."

"विशू, सोंडेच्या पूर्वेच्या अंगाला वाट आहे का रे एखादी?"

"पूर्वेला? तिकडे बकऱ्या जातात," विश्वजित म्हणाला. "माणसं जायची पूर्वी. मागच्या पावसाळ्यात दरड आली, तेव्हापासून कुणी जात नाही."

बाबुरावांनी दुभाजक मिटला. "मग ही आमची लाइन कागदावरच राहणार," ते म्हणाले. "अशा पुष्कळ राहिल्या." दुभाजक पेटीत ठेवत म्हणाले, "प्रतिमाला फोन लाव. सांग तिला खोली रिकामी करायला."

इथे गोष्ट संपली असती आणि नेत्राला हवं ते झालं असतं. निदान तिला जे हवं असं तिला वाटत होतं. नव्या जागी एकाच जिवाकडे बघायचं, दोघांकडे नाही. पण तिची नजर पुन्हा पट्टीवर गेली होती. सवयच ती. वरची सपाटी दहाला एक, खालची नऊला एक. खडा तुकडा मधे. मग घर वरच का?

"विश्वजित, पुलाजवळच्या सपाटीवर काही क्वार्टर्स नाहीत?"

"आहे एक. स्टोअरच्या मागे. दोन खोल्या. कुणी घेत नाही, नदीचा आवाज येतो रात्रंदिवस. वरती तीन खोल्या, ऊन, बाग."

"नेमकं कुठे?"

"कशाला?"

"पाठव."

त्याने आकडे पाठवले. बाबुरावांनी ते नकाशावर मांडले. आपण होऊन, कुणी न सांगता. टिंब बाराशे साठच्या रेषेवर पडलं. पुलापासून चढ तोच, नऊला एक, आणि तोही निम्माच, म्हणजे उणेपुरे वीस मीटर, थांबत थांबत जाता येईल असे. बाबुरावांनी टिंबावरची नजर लगेच काढून घेतली. हावरट दिसू नये म्हणून माणूस पानातल्या जिलबीकडे बघत नाही, तशी.

नेत्राने मात्र पट्टी उचलली आणि ती पुलाकडे न ठेवता, टिंबापासून सरळ नदीकडे ठेवली. रेषांना काटकोनात. बाराशे साठ, बाराशे चाळीस, बाराशे वीस, आणि निळी नदी. तीन खुणा दोन मिलिमीटरमध्ये.

"शंभर मीटरमध्ये चाळीस," ती म्हणाली.

बाबुरावांनी वाकून पाहिलं. "अडीचला एक."

तोच आकडा. वाटेवरून काढला तर अंगणापुढे येऊन बसला. तिला अनन्या दिसली, दोन्ही हात वर करून, मागे न बघता धावणारी.

"यावेळी छेद नको," बाबुराव हळूच म्हणाले. "दोन रेषांच्या मधे काय आहे ते नकाशाला माहीत नसतं. वीस मीटरच्या आत सरळ उतार असेल, नाहीतर अंगण सपाट असेल आणि पुढे एकदम काठ तुटला असेल. रेषा दोन्हीला सारख्याच येतील. तिथे पाय ठेवूनच बघावं लागतं."

"विश्वजित, तू खाली जाऊन दाखव. आत्ता, उजेड आहे तोवर."

तो कुरकुरला, पण निघाला. उतरायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात अनन्या उठली, दूध प्याली, आणि टेबलाखाली बसून कंपासपेटीचं झाकण उघडझाप करू लागली. नेत्राने आतलं टोकदार सगळं आधीच वर ठेवलं होतं.

व्हिडिओ कॉल आला तेव्हा आधी नदीचाच आवाज आला. मग पत्र्याचं बुटकं घर, दार, ओटा. "हे अंगण," विश्वजित म्हणाला. तो फोन धरून सरळ चालत राहिला. जमीन सपाट होती, गवताची. कॅरमचा बोर्ड मांडावा इतकी सपाट. मग गवत संपलं आणि फोन खाली झुकला. खाली झुडपं आणि दगड, आणि बरंच खाली पाणी.

"काठाला काही नाही?" नेत्राने विचारलं.

"काही नाही."

"पाणी पावसाळ्यात कुठपर्यंत येतं?"

"पुलाच्या खांबावर खुणा आहेत आमच्या. पुलाच्या खूपच खाली राहतं. आणि हे घर पुलाच्याही वीस मीटर वर."

बाबुराव खुर्चीत मागे टेकले. "नेत्रा, पोरीच्या जिवावर माझी सोय नको. मी नाशिकला जातो. मनापासून सांगतो."

"मनापासून सांगत असाल तर दोनदा सांगू नका," नेत्रा म्हणाली. ती रागावली नव्हती. ती मोजत होती. वरच्या घराचंही तिने मोजून पाहिलं होतं: चौदाशेपाशी उतार बाहेरच्या अंगाला फुगलेला, म्हणजे घरातून पाहिलं तर खडा तुकडा आणि पूल दोन्ही फुगवट्याआड. बाबा किंवा ती स्वतः, पोरीला कडेवर घेऊन, तिथे घसरली तरी वर कुणाला दिसणार नाही. खालच्या घरी काठ डोळ्यांसमोर होता. वाईट होता, पण दिसत होता. आणि दिसणाऱ्या गोष्टीचा काही बंदोबस्त करता येतो.

"काठापासून दहा पावलं आत जाळी लावता येईल?" तिने विचारलं.

"जाळी? मेंटेनन्सवाल्यांना सांगावं लागेल. ते म्हणतील दोन फूट पुरे."

"माझ्या कमरेच्या वर. खालून वाकून निघता येणार नाही अशी, तळ जमिनीत गाडलेली. फाटक नको."

"फाटक नको म्हणजे नदीवर जायचं कसं?"

"नदीवर कुणाला जायचंय?"

विश्वजित हसला. "आणि वरच्या तीन खोल्या? ऊन? बाग?"

"वर तू ये-जा कर, एकदा थांबून."

बाबुराव खाकरले. "विशू, खांब किती अंतरावर टाकशील?"

"तुम्हीच सांगा."

"दोन मीटर. त्याहून लांब टाकले तर जाळी लोंबते. आणि कोपऱ्यावरच्या खांबाला तिरका टेका दे, नाहीतर पहिल्याच पावसात…"

"बाबा, मला येतं खांब टाकायला."

"तुला चढ मोजायलाही येत होता."

नेत्राने फोन जवळ घेतला. "सोमवारी लिहून दे, खालचं घर. पण जाळी झाल्यावर मला फोटो पाठव, मेंटेनन्सवाल्याचा शब्द नको. चारी बाजूंनी काढ. फोटो बघितल्यावर मी तिकिटं काढीन. तोवर नाही."

"किती तिकिटं?"

तिने बाबुरावांकडे पाहिलं. ते नकाशाची घडी घालत होते, जुन्या घड्यांवरून नव्हे, सावकाश, टिंबावर घडी येणार नाही अशा बेताने.

"तीन," ती म्हणाली. "अनन्याचं लागत नाही, पण तिच्यासाठी जागा घेणार आहे."